आधी भागाकार, बेरीज शेवटी

महिनाअखेरीला फ्लॅटमधला एक जण सगळी बिलं गोळा करतो, मोबाइलवर बेरीज मारतो, राहणाऱ्यांच्या संख्येने भागतो आणि ग्रुपवर आकडा टाकतो. पहिले दोन-तीन महिने कुणाची तक्रार नसते. मग उन्हाळा लागतो आणि एका खोलीत एसी येतो, नाहीतर कुणी बारा दिवस गावी जाऊन येतो. आकडा मात्र सगळ्यांना सारखाच. तोंडावर कुणी बोलत नाही, पण सिंकमधली भांडी, संपलेलं दूध, उशिरा पाठवलेले पैसे अशा भलत्याच ठिकाणी ती नाराजी बाहेर पडते.

या हिशेबात बेरीज बरोबर असते आणि भागाकारही बरोबर असतो. चुकतो तो त्यांचा क्रम. सगळी बिलं एकत्र केली की कुठला रुपया कशासाठी गेला हे पुसलं जातं आणि मग त्या गाठोड्याला भागायला 'समान' याशिवाय दुसरा आधार उरत नाही. त्याऐवजी प्रत्येक बाब वेगळी घ्यावी, ती कशाच्या प्रमाणात वाटायची ते ठरवावं, त्या बाबीतला प्रत्येकाचा वाटा काढावा आणि मग एकेका माणसाचे वाटे खाली खाली बेरजेत घ्यावेत. काम थोडंसं वाढतं, पण ते पहिल्या महिन्यापुरतंच.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. नावं आणि आकडे मनाचे आहेत, मात्र घर तुमच्या ओळखीचं वाटेल. पुण्यात कर्वेनगरला टू बीएचके, भाडं २७,००० रुपये, सोसायटीचा मेंटेनन्स मालक भरतो. राहणारे तिघे. निखिल मोठ्या खोलीत एकटा, तिला आतूनच बाथरूम. ओंकार आणि सलीम दुसऱ्या खोलीत, त्यांचं बाथरूम बाहेर. निखिलने एप्रिलमध्ये स्वतःच्या खोलीत एसी बसवला. सलीम बहिणीच्या लग्नासाठी बारा दिवस सोलापूरला होता. त्या महिन्याचा एकूण खर्च ४३,५९३ रुपये. समान वाटला तर प्रत्येकी १४,५३१.

सगळ्यात मोठी बाब भाड्याची, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू. भाड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. हॉल, स्वयंपाकघर आणि गॅलरी सगळ्यांची. खोली मात्र ज्याची त्याची. टेप घेऊन घर मोजा, अर्ध्या तासाचं काम आहे. या घरात वापरायची जागा ६०० चौरस फूट निघाली. त्यात ३०० सामायिक, १८० निखिलची खोली आणि बाथरूम मिळून, १२० दुसरी खोली. बाहेरचं बाथरूम निखिल वापरत नसला तरी पाहुणे वापरतात, म्हणून ते सामायिकात धरलं. २७,००० भागिले ६०० म्हणजे चौरस फुटाला ४५ रुपये. सामायिक जागेचे १३,५०० झाले, ते प्रत्येकी ४,५००. निखिलच्या खोलीचे ८,१००. दुसऱ्या खोलीचे ५,४००, म्हणजे ओंकार-सलीमला २,७०० प्रत्येकी. निखिलचं भाडं १२,६०० आणि बाकी दोघांचं ७,२०० प्रत्येकी. तिन्हींची बेरीज २७,००० येते का ते लगेच बघून घ्यावं, इथे येते.

पण टेपला सगळं कळत नाही. खोली मोठी असूनही पश्चिमेची असेल तर दुपारभर तापते. लहान खोलीला मोठं कपाट असू शकतं, एखादी खिडकी नेमकी रस्त्यावरच्या ढोलताशा पथकाच्या सरावाकडे उघडते. म्हणून मोजमापाचा आकडा हा बोलण्यांचा पहिला आकडा समजावा. तो समोर ठेवून एकच प्रश्न विचारायचा: या भावाला ही खोली दुसऱ्या कुणाला हवी आहे का? ओंकार म्हणाला, ‘मी देतो १२,६००, मला दे ती खोली,’ तर भाव कमी लागला आहे. तो थोडा वाढवून बाकीच्यांचा कमी करा. उलट निखिललाच तो जड वाटत असेल तर उतरवा. कुणालाच दुसऱ्याच्या जागी जावंसं वाटत नाही तिथे थांबायचं. असा भाव सापडतोच का? फ्रान्सिस सू या गणितज्ञाने १९९९ मध्ये एका शोधनिबंधात नेमका हाच प्रश्न घेतला. काही साध्या अटी पाळल्या जात असतील, तर प्रत्येकाला वेगळी खोली पसंत पडेल अशी भाड्याची वाटणी असतेच, हे त्यांनी सिद्ध केलं. तिघांच्या घरात ती शोधायला गणित लागत नाही, चहाचे दोन कप पुरतात. मात्र ही बोलणी खोल्या घेण्याआधी करावीत. सामान लागल्यावर जो तो आपल्याच खोलीचे तोटे मोजतो.

आता वीज. खरा गुंता इथे आहे आणि बहुतेक घरांत तो सोडवण्याऐवजी ‘एसीवाल्याने पाचशे जास्त द्यावेत’ असं काहीतरी ठरतं. पाचशे का, हे कुणालाच सांगता येत नाही.

महावितरणचं घरगुती बिल उलगडून पाहा. त्यात वापर असो-नसो लागणारा स्थिर आकार आहे. वीज आकार टप्प्यांनी चढतो: पहिली १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० एकदम महाग, त्यापुढे आणखी महाग. वहन आकार प्रत्येक युनिटवर लागतो आणि शेवटी वीज शुल्क टक्केवारीने. दर बदलत राहतात, म्हणून सोयीसाठी सगळे कर धरून गोल आकडे घेऊ: स्थिर आकार १५० रुपये, पहिल्या १०० युनिटला ७ रुपये, पुढच्या २०० ला १३ रुपये. या घराचं बिल आलं २७० युनिटचं. १०० चे ७००, उरलेल्या १७० चे २,२१० आणि स्थिर १५०, मिळून ३,०६० रुपये.

यातला एसी किती? खात्रीचा मार्ग म्हणजे एसीच्या सॉकेटला १६ अँपिअरचा युनिट मोजणारा प्लग लावणं. तो नसेल तर एसीवरचं ताऱ्यांचं लेबल वाचा. त्यावर वर्षाचा वीजवापर लिहिलेला असतो आणि तो १,६०० तासांच्या वापराचा असतो. निखिलच्या एसीवर ९६० युनिट लिहिली आहेत, म्हणजे तासाला सरासरी ०.६ युनिट. महिन्यात एसी अंदाजे २०० तास चालला, म्हणजे १२० युनिट. हा आकडा चाचणीच्या परिस्थितीतला आहे. बाहेर ४० अंश असताना १८ वर लावून बसलात तर खरा वापर बराच जास्त निघेल. लेबलवरून काढलेलं खरं वाटतं का, याची एक चाचणी आहे. एसी नसलेल्या महिन्याचं, म्हणजे फेब्रुवारी किंवा मार्चचं बिल काढून बघा. तेव्हा १५० च्या आसपास युनिट पडली असतील तर १२० चा अंदाज जमतो. तेव्हा १०० च पडली असतील तर एसीने १७० च्या आसपास खाल्ली आहेत. पंखे आणि फ्रिजचा उन्हाळी वापर थोडा वाढतो, तेवढी सूट धरायची.

१२० युनिटची किंमत काय, यावर दोन प्रामाणिक मतं असू शकतात. पहिलं मत सरासरीचं. स्थिर आकार सोडून २,९१० रुपयांत २७० युनिट, म्हणजे युनिटला सुमारे १०.७८, एसीचे १,२९३ रुपये. दुसरं मत फरकाचं. एसी नसता तर १५० युनिटचं बिल आलं असतं: ७०० अधिक ६५० अधिक १५०, म्हणजे १,५००. प्रत्यक्षात आलं ३,०६०. फरक १,५६०, तो एसीचा. दोन्हींत २६७ रुपयांचं अंतर पडलं, कारण एसीची सगळी युनिट महागड्या टप्प्यात बसली.

मला या घरासाठी फरकाचा हिशेब योग्य वाटतो. एसी एकाचाच आहे, नंतर आला आहे आणि त्याच्यामुळे बाकीच्यांचं बिल एक रुपयानेही बदलू नये हे पटवून द्यायला सोपं आहे. निखिलवर अन्यायही होत नाही; उरलेल्या १,५०० मधल्या स्वस्त युनिटांचा तिसरा हिस्सा त्यालाही मिळतोच. पण दोन्ही खोल्यांत एसी असेल तर हा हिशेब मोडतो. मग महागडी युनिट कुणाची? दोघेही म्हणणार, ‘माझी आधीची, तुझी नंतरची.’ तिथे सरासरी दर घ्यावा आणि वाद मिटवावा. वापर ३०० युनिटच्या पुढे गेला की दोन्ही पद्धतींतलं अंतर वाढतं, म्हणून कुठली पद्धत हे मे महिना उजाडण्याआधी ठरलेलं बरं.

तर विजेच्या दोन ओळी कराव्यात: एसी १,५६०, फक्त निखिल, बाकी १,५००, प्रत्येकी ५००. वॉशिंग मशीन, गीझर, लॅपटॉप यांच्या वेगळ्या ओळी करू नका. घरून काम करणाऱ्याचा लॅपटॉप दिवसभर चालला तरी दिवसाला अर्ध्या युनिटच्या आसपास. त्यासाठी मोजणी करण्यात जाणारा वेळ आणि बिघडणारा मूड महाग पडतो. माझा नियम असा की ज्या उपकरणाने कुणाचाच वाटा महिन्याला फारसा बदलत नाही, त्याची वीज समान वाटावी.

सलीमच्या बारा दिवसांचं काय करायचं? हे विचारताना तो नव्हता म्हणून कमी घ्यायचं का, असा सरसकट प्रश्न करू नये. बाबीगणिक विचारावं: तो नसताना हा खर्च कमी झाला का? भाडं कमी झालं नाही. इंटरनेटचं बिलही नाही. ६९९ च्या प्लॅनवर जीएसटी धरून ८२५ रुपये लागले, प्रत्येकी २७५. फ्रिज चालूच होता, एक पंखा कमी फिरला, ते सोडून द्या. स्वयंपाकाच्या मावशींचा पगार ६,००० ठरलेला आहे. सुट्टीवर तुम्ही गेलात म्हणून त्यांचा पगार कापणं बरोबर नाही, आणि ती कपात ओंकार-निखिलच्या माथी मारणं तर त्याहून नाही. तेव्हा तिथेही प्रत्येकी २,०००.

कमी झाला तो किराणा, भाजी, दूध आणि गॅसचा खर्च. हे माणसागणिक दिवसांनी वाटावं. खानावळीत जसे हजेरीचे दिवस मांडतात तसे इथे मांडायचे: निखिल ३०, ओंकार ३०, सलीम १८, एकूण ७८. किराणा आणि भाजीचे ५,८५० झाले, म्हणजे दिवसाला ७५ रुपये. निखिल आणि ओंकारचे २,२५० प्रत्येकी, सलीमचे १,३५०. सिलिंडर ८५८ ला आला, दिवसाला ११ रुपये. ३३०, ३३० आणि १९८. कुणाचा भाऊ आठवडाभर राहायला आला तर ते सात दिवस यजमानाच्या हजेरीत घालायचे. एका रात्रीच्या पाहुण्याचे धरू नयेत, नाहीतर मित्र येईनासे होतात. दिवस मोजायला फ्रिजवर कॅलेंडर लावा आणि बाहेरगावी गेलेल्याने स्वतः फुली मारावी. महिन्याच्या शेवटी आठवून सांगितलेले दिवस नेहमी स्वतःच्या बाजूने झुकतात.

आता सगळे वाटे एका कागदावर येतात.

| बाब | रक्कम | निखिल | ओंकार | सलीम |
|---|---|---|---|---|
| भाडं | २७,००० | १२,६०० | ७,२०० | ७,२०० |
| वीज, एसी | १,५६० | १,५६० | ० | ० |
| वीज, बाकी | १,५०० | ५०० | ५०० | ५०० |
| इंटरनेट | ८२५ | २७५ | २७५ | २७५ |
| मावशींचा पगार | ६,००० | २,००० | २,००० | २,००० |
| किराणा, भाजी | ५,८५० | २,२५० | २,२५० | १,३५० |
| गॅस | ८५८ | ३३० | ३३० | १९८ |
| एकूण | ४३,५९३ | १९,५१५ | १२,५५५ | ११,५२३ |

आडव्या ओळीत तिघांचे वाटे मिळून त्या बाबीची रक्कम यायला हवी, आणि शेवटच्या ओळीत तिन्ही बेरजा मिळून ४३,५९३. दोन्हींकडून जुळलं तर आकडेमोड बरोबर आहे. तळाशी जुळत नसेल तर प्रत्येक ओळ आडवी तपासत जा. चूक कुठल्या ओळीत आहे ते लगेच सापडतं, आणि गाठोड्याच्या हिशेबात ही सोय मुळीच नसते. समान वाटणीशी ताडून पाहा: तिथे ओंकारने १,९७६ आणि सलीमने ३,००८ जास्त भरले असते आणि निखिलचे ४,९८४ वाचले असते.

काही घरं अर्ध्या वाटेवर थांबतात. भाड्याचं प्रमाण ठरवतात, इथे ते ७:४:४ येतं, आणि तेच सगळ्या खर्चाला लावतात. एकच प्रमाण, लक्षात ठेवायला सोपं. या महिन्यात तसं केलं तर निखिलला २०,३४३ पडतात, म्हणजे ८२८ जास्त. खोली मोठी म्हणून त्याने पोळ्यांचेही जास्त पैसे द्यायचे! त्याच वेळी त्याचा एसी सगळ्यांत वाटला जातो. दोन उलट्या चुका एकमेकींना झाकतात म्हणून शेवटचा आकडा फारसा वावगा दिसत नाही. सलीमचा तर फक्त १०२ रुपयांनी बदलतो आणि ओंकारचे ९३० वाचतात, तेही फुकटात. प्रमाण बाबीला असतं, ते माणसाला चिकटवलं की असं होतं.

स्प्रेडशीट वापरत असाल तर बाबीची रक्कम B मध्ये, तिघांची प्रमाणं C, D, E मध्ये लिहा. भाड्याला 7, 4, 4. एसीला 1, 0, 0. इंटरनेटला 1, 1, 1. किराण्याला 30, 30, 18. वाटे F, G, H मध्ये निघतील. पहिलं सूत्र F2 मध्ये लिहून उजवीकडे आणि खाली ओढायचं. दुसरं F9 मध्ये, तेही H पर्यंत ओढायचं. तिसरं ताळ्यासाठी कुठल्याही मोकळ्या घरात.

```
=$B2*C2/SUM($C2:$E2)
=SUM(F2:F8)
=SUM(F9:H9)-SUM(B2:B8)
```

तिसऱ्याचं उत्तर शून्य यायला हवं. पुढच्या महिन्यात फक्त B मधले आकडे आणि दिवस बदलायचे. पैसे-आणे मध्येच गोल करू नका. शेवटच्या बेरजेवर एकदाच करा आणि एखादा रुपया इकडेतिकडे झाला तर ज्याला सगळ्यात जास्त यायचे आहेत त्याने तो सोडावा.

वाटा निघाला म्हणजे देणं निघालं असं नाही. महिनाभर प्रत्येकाने काही ना काही भरलेलं असतं. ओंकारने भाडं आणि २,८५० चा किराणा भरला, एकूण २९,८५०. निखिलने वीज, इंटरनेट आणि मावशींचा पगार, एकूण ९,८८५. सलीमने सिलिंडर आणि ३,००० ची भाजी-किराणा, एकूण ३,८५८. यांचीही बेरीज ४३,५९३ च यायला हवी. ती कमी आली तर कुणाचं तरी बिल नोंदायचं राहिलं आहे, आणि जास्त आली तर एकच बिल दोघांनी लिहिलं आहे. आता भरलेल्यातून वाटा वजा करा. ओंकारला १७,२९५ यायचे आहेत, निखिलने ९,६३० द्यायचे आहेत आणि सलीमने ७,६६५. देणाऱ्यांची बेरीज येणाऱ्याइतकीच, म्हणून दोन यूपीआय व्यवहारांत महिना मिटतो.

इथे नोकरदारांसाठी एक अडचण आहे. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सवलत घेताना स्वतः दिलेलं भाडं दाखवावं लागतं. निखिलचा वाटा १२,६०० असला तरी त्याच्या खात्यातून ओंकारला गेले ९,६३०, तेही सगळ्या खर्चाचे मिळून. कागदावर भाडं कुठेच दिसत नाही, आणि ओंकारच्या खात्यातून मात्र मालकाला पूर्ण २७,००० गेलेले दिसतात. त्यामुळे भाड्याची ओळ या वजाबाकीतून बाहेर काढावी हे बरं. शक्य असेल तर प्रत्येकाने आपला भाड्याचा वाटा एक तारखेला थेट मालकाला पाठवावा आणि त्याची पावती घ्यावी. करारात तिघांची नावं असतील तर मालक सहसा अडवत नाही. उरलेल्या १६,५९३ रुपयांचाच महिनाअखेरीचा हिशेब करावा.

विजेच्या बिलाचा महिना आणि कॅलेंडरचा महिना एक नसतो, हे लक्षात असू द्या. रीडिंग आठ तारखेला होत असेल तर एसीचे तास आठ ते आठच मोजायचे. एरवी याने फारसं बिघडत नाही. कुणी घर सोडतो तेव्हा मात्र बिघडतं, कारण त्याच्या शेवटच्या दिवसांचं बिल तो गेल्यावर येतं. सोडण्याच्या दिवशी मीटरचा फोटो काढा, मागच्या रीडिंगपासूनची युनिट मोजा आणि मागच्या बिलाच्या सरासरी दराने त्याचा वाटा त्याच दिवशी घेऊन टाका. सिलिंडरचंही तसंच. तेच लोक राहत असतील तर एप्रिलचा सिलिंडर मेमध्ये संपला तरी काही फरक पडत नाही. पण जाणाऱ्याने नुकत्याच भरलेल्या सिलिंडरचे पैसे दिले असतील तर उरलेल्या गॅसचे त्याला परत द्यावेत. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा, त्यावर छापलेलं रिकामं वजन वजा करा आणि १४.२ किलोतले किती उरले त्या प्रमाणात पैसे मोजा.

डिपॉझिटची ओळ या महिन्याच्या कागदात कधीच आणू नका. तो खर्च नाही, परत येणारी रक्कम आहे. ती ज्या प्रमाणात भरली त्याच प्रमाणात परत जाते, आणि मालकाने रंगाचे किंवा दुरुस्तीचे पैसे कापले तर त्या कपातीचीही बाबीगणिकच वाटणी होते. हॉलच्या भिंतीचं सगळ्यांचं, निखिलच्या खोलीत एसीसाठी पाडलेल्या भोकाचं निखिलचं.